परिच्छेदातली नोकरी सुटी कशी करायची: अकाउंटंटच्या जाहिरातीचे एक उदाहरण

प्रश्न: भोसरीत सुट्या भागांचा आमचा छोटा कारखाना आहे. एचआर आणि अॅडमिन दोन्ही मीच बघते. अकाउंटंटच्या जागेसाठी मालकांनी खालचा मजकूर लिहून दिला आहे. याच्या जबाबदाऱ्या, आवश्यक पात्रता आणि 'असल्यास प्राधान्य' असे भाग करायचे आहेत, पण कोणते वाक्य कुठे टाकायचे ते कळत नाही. अर्धा मजकूर तर कुठेच बसत नाही.

> "आमच्या वाढत्या कंपनीसाठी हुशार, प्रामाणिक व मेहनती अकाउंटंट तातडीने पाहिजे. उमेदवार बी.कॉम. किंवा एम.कॉम. असावा, टॅली, एक्सेल, जीएसटी, टीडीएसचे पूर्ण ज्ञान असावे, ३ ते ५ वर्षांचा अनुभव हवा, मॅन्युफॅक्चरिंगमधला असल्यास उत्तम. रोजच्या एंट्री, बँकेचे काम, पार्टी फॉलोअप, स्टोअरशी समन्वय व मालक सांगतील ती कामे करावी लागतील. इंग्रजी चांगले हवे, ईआरपी माहीत असावे, स्वतःची दुचाकी असावी, शक्यतो पुरुष उमेदवार, वय ३० च्या आत, दबावाखाली काम करण्याची तयारी हवी, पगार योग्यतेनुसार."

उत्तर: तीन मथळे लिहून त्यांच्याखाली ही वाक्ये वाटायला लगेच बसू नका. या परिच्छेदात तीन नाही, पाच प्रकारचा मजकूर मिसळला आहे: करायची कामे, माणसाकडे पहिल्या दिवशी असायलाच हवे ते, असले तर बरे ते, नोकरीच्या अटी, आणि ज्यावरून काहीच ठरवता येत नाही अशी विशेषणे. कुठेच न बसणारा जो अर्धा मजकूर तुम्ही म्हणता, तो शेवटच्या दोन प्रकारांतला आहे.

आधी परिच्छेद फोडा. एक्सेलमध्ये एका ओळीत एकच गोष्ट लिहा. "टॅली, एक्सेल, जीएसटी, टीडीएसचे पूर्ण ज्ञान" याच्या चार ओळी होतील. "हुशार, प्रामाणिक व मेहनती" याच्या तीन. सगळे मिळून पंचवीसेक ओळी निघतील. प्रत्येक ओळीसमोर तीन रकाने ठेवा: हे कोणत्या कामासाठी लागते, हे नसेल आणि बाकी सगळे असेल तर मुलाखतीला बोलवायचे का, आणि हे आहे की नाही ते कशावरून कळेल. पुढचे सगळे काम या तीन रकान्यांत होते. ते तुम्हाला एकटीने भरता येणार नाहीत. मालकांबरोबर अर्धा तास बसावे लागेल आणि तुमच्या सीएच्या ऑफिसला एक फोन करावा लागेल. आधीचा अकाउंटंट अजून रुजू असेल तर सगळ्यात आधी त्याच्याशी बोला, कारण महिनाभरात प्रत्यक्ष काय काय करावे लागते ते त्यालाच माहीत असते.

'जीएसटीचे पूर्ण ज्ञान' या एका ओळीवर मी जरा थांबतो, कारण जाहिराती जास्त करून अशाच ओळींवर फसतात. पात्रतेसारखी दिसत असली तरी हिच्या पोटात कामे दडलेली असतात. मालकांना विचारा, "रिटर्न आपल्याकडे भरले जाते की सीएंकडे?" तुमच्याएवढ्या कारखान्यांत बहुतेक वेळा उत्तर येते की पोर्टलवर भरतात सीएच, पण आकडे आपण तयार करून देतो. मग आकडे तयार करणे म्हणजे काय, ते तारखांसकट लिहून घ्या. दरमहा रिटर्न भरणाऱ्या कारखान्याला विक्रीचे जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत द्यावे लागते. १४ तारखेला जीएसटीआर-२बी तयार होते, म्हणजे आपल्या पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून आपल्याला किती क्रेडिट मिळते याचे पत्रक. ते आपल्या खरेदीशी जुळवून पाहायचे, ज्या पुरवठादाराने बिल दाखवलेले नाही त्याच्या मागे लागायचे आणि २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी भरून कर जमा करायचा. टीडीएस त्याच्याही आधी, ७ तारखेला जातो.

इतके समजल्यावर 'पूर्ण ज्ञान' ही ओळ पुसून टाकता येते. तिच्या जागी जबाबदाऱ्यांत दोन कामे येतात: विक्रीचे आकडे ८ तारखेपर्यंत सीएंकडे पोहोचवणे आणि २बीशी खरेदी जुळवणे. आवश्यक पात्रतेत एकच गोष्ट राहते: हे जुळवणीचे काम स्वतः केलेले असणे. 'पूर्ण ज्ञान' आहे का असे विचारले तर प्रत्येक उमेदवार हो म्हणतो. "मागच्या महिन्यात २बीत न दिसलेल्या बिलांचे काय केले?" असे विचारले की काम करणारा आणि ऐकून माहीत असलेला दोन मिनिटांत वेगळे होतात.

'स्टोअरशी समन्वय' ही दुसरी अशी ओळ. समन्वय हा शब्द जाहिरातीत आला की कोणत्या कागदासाठी समन्वय, असे विचारायचे. सुट्या भागांच्या कारखान्यात उत्तर बहुधा जॉबवर्कच्या चलनाचे असते. मशीनवरून निघालेला माल प्लेटिंगला किंवा हीट ट्रीटमेंटला बाहेर जातो तो कर न लावता, चलनावर. तो सर्वसाधारणपणे १ वर्षाच्या आत परत यायला हवा किंवा तिथूनच पुढे विकला जायला हवा. तसे झाले नाही तर ज्या दिवशी माल बाहेर गेला त्याच दिवशी तो विकला असे धरले जाते आणि व्याजासकट कर भरावा लागतो. स्टोअर गेटपास ठेवते आणि हिशेब अकाउंटंट ठेवतो. दोघांच्या नोंदी जुळल्या नाहीत तर आयटीसी-०४ हे जॉबवर्कच्या मालाचे विवरणपत्र भरताना गोंधळ उडतो. म्हणजे समन्वय ही काही स्वभावातली गुणवत्ता नाही. चलनांचे रजिस्टर दर महिन्याला स्टोअरशी ताडून पाहण्याचे ते ठरलेले काम आहे.

'मॅन्युफॅक्चरिंगमधला असल्यास उत्तम' याचा खरा अर्थही इथेच कळतो. मालकांना मॅन्युफॅक्चरिंगचा अनुभव हवा आहे तो या चलनांमुळे. तेव्हा प्राधान्याच्या भागात 'मॅन्युफॅक्चरिंगचा अनुभव' न लिहिता 'जॉबवर्कच्या चलनांचा हिशेब सांभाळल्याचा अनुभव' असे लिहा. मसाल्याच्या कारखान्यात पाच वर्षे काढलेल्या माणसाने कदाचित एकही जॉबवर्क चलन पाहिलेले नसेल. उलट एखाद्या प्लेटिंगवाल्याकडे नोकरी केलेल्याला ते पाठ असेल. मोघम ओळीने पहिला आत येतो आणि दुसरा बाहेर राहतो.

आवश्यक आणि प्राधान्य यांच्यातली रेघ

इथे मालकांशी थोडी ओढाताण होणार. त्यांना सगळेच आवश्यक वाटते. "हे आवश्यक आहे का?" असे विचारलेत तर उत्तर नेहमी हो असेच येईल. म्हणून प्रश्न उलटा विचारा: "साहेब, बाकी सगळे आहे, फक्त एवढे नाही, असा माणूस आला तर त्याला परत पाठवायचे का?" परत पाठवायचे असेल तरच ती गोष्ट आवश्यक. "बोलवा, बघू" असे म्हणाले तर ती प्राधान्यात गेली. उत्तर देताना ते अडखळले तर आणखी एक विचारा: "रुजू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत शिकेल का?" शिकता येण्यासारखे असेल तर तेही प्राधान्यातच.

या चाळणीतून तुमच्या ओळी एकेक काढून पाहू. टॅली आवश्यक ठरेल, कारण पहिल्याच दिवशी एंट्री करायच्या आहेत. एक्सेलही आवश्यक, पण 'एक्सेलचे ज्ञान' असे नको. दोन याद्या ताडून फरक काढता येणे, म्हणजे व्हीलुकअप आणि पिव्होट टेबल, एवढे लिहा. टीडीएसमध्ये कोणत्या पेमेंटवर कापायचा आणि कोणत्या दराने, हे ओळखता येणे आवश्यक. तिमाही विवरणपत्र सीए भरत असतील तर ते भरता येणे प्राधान्यात.

पदवीच्या बाबतीत एक उदाहरण देऊन मालकांना विचारा: बी.ए. झालेली, पण सहा वर्षे कारखान्याचे अकाउंट्स सांभाळलेली बाई आली तर? मी ज्यांना ज्यांना हे विचारले त्यांतले बहुतेक मालक "बोलवा" म्हणाले. मग जाहिरातीतही तसेच दिसले पाहिजे: 'बी.कॉम., किंवा इतर पदवी आणि अकाउंट्सचा ५ वर्षांचा अनुभव'. एम.कॉम. काढून टाका. बी.कॉम. चालत असेल तर 'किंवा एम.कॉम.' लिहून नवे काहीच सांगितले जात नाही, आणि वाचणाऱ्याला उगाच वाटते की इथे एम.कॉम.लाच घेतील.

'३ ते ५ वर्षे' यातल्या ३ ला अर्थ आहे. ५ ला बहुतेक वेळा नसतो. सात वर्षांचा अनुभव असलेला माणूस ठरलेल्या पगारात यायला तयार असेल तर त्याला नाही म्हणायचे कारण काय? वरची मर्यादा खरे तर पगाराची असते, अनुभवाची नसते. ती पगाराच्या आकड्यातून सांगावी.

'ईआरपी माहीत असावे' ही ओळ मला नेहमी खटकते. कारखान्यात टॅली चालते, मग ईआरपी कुठून आले? विचारल्यावर बहुधा कळते की मोठ्या ग्राहकाच्या व्हेंडर पोर्टलवर बिले चढवावी लागतात आणि मालक त्यालाच ईआरपी म्हणतात. ते काम असेल तर जबाबदाऱ्यांत पोर्टलवर बिल चढवणे असे स्पष्ट लिहा. पोर्टल आठवडाभरात शिकून होते, त्यामुळे आवश्यक पात्रतेत त्याची गरज नाही. पण ईआरपी हा शब्द तसाच राहिला तर एसएपीवर काम केलेले, मोठ्या कंपन्यांतले लोक अर्ज करतील आणि पगार ऐकून फोन ठेवतील. टॅलीवरचा तुमच्या कामाचा माणूस मात्र "आपल्याला ईआरपी येत नाही" म्हणून पुढे जाईल.

'इंग्रजी चांगले हवे' यालाही कामाशी बांधा. ग्राहकाच्या अकाउंट्स विभागाला डेबिट नोटबद्दल ईमेल लिहायचा आहे का? मग 'इंग्रजीत साधा व्यावसायिक ईमेल लिहिता येणे' एवढेच लिहा. ते आवश्यक असू शकते, आणि मुलाखतीत एक ईमेल लिहायला देऊन तपासताही येते.

विशेषणे आणि अटी

हुशार, प्रामाणिक, मेहनती ही विशेषणे काढून टाका, पण टाकण्यापूर्वी त्यांच्या मागे काय आहे ते विचारा. प्रत्येक विशेषणामागे मालकांची एखादी काळजी असते. 'प्रामाणिक'च्या मागे बहुधा बँकेची नेटबँकिंग असते. अकाउंटंट पेमेंट तयार करणार आणि मंजुरी मालक देणार, अशी व्यवस्था असेल तर ती जबाबदाऱ्यांत तशीच लिहा. प्रामाणिकपणा जाहिरातीतून तपासता येत नाही. त्यासाठी आधीच्या नोकरीत फोन करून चौकशी करायची असते.

'दबावाखाली काम' म्हणजे ७ ते २० तारखांचा काळ. हा मजकूर पात्रतेतून उचलून अटींत न्या आणि स्पष्ट लिहा की या तारखांत काम जास्त असते, रजा आधी ठरवून घ्यावी लागते आणि काही दिवस संध्याकाळी उशीर होतो. ज्याला हे जमणार नाही तो अर्जच करणार नाही, आणि ज्याला जमणार आहे त्याला आपण कशाला हो म्हणतोय ते कळेल.

दुचाकीबद्दल विचारा की ती कारखान्यात पोहोचण्यासाठी हवी की कामासाठी. पोहोचण्यासाठी असेल तर तो ज्याचा त्याचा प्रश्न. जागेचा पत्ता नीट द्या, म्हणजे उमेदवार स्वतः ठरवेल. बँकेत किंवा सीएंकडे जाण्यासाठी असेल तर 'आठवड्यातून एखाद्या वेळी बाहेर जावे लागते, प्रवासखर्च मिळतो' असे अटींत लिहा. रिक्षाने जाऊन काम होत असेल तर दुचाकी ही पात्रता नाही.

'शक्यतो पुरुष उमेदवार' काढावेच लागेल आणि यात मालकांचे मन वळवायचा प्रश्नच येत नाही. सारख्या कामासाठी भरती करताना स्त्री-पुरुष भेद करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यातही मनाई होती आणि वेतन संहिता, २०१९ च्या कलम ३ मध्येही आहे. त्यामागची काळजी संध्याकाळी उशिरा घरी जाण्याची असेल, तर उशिराच्या दिवशी घरी सोडण्याची सोय आहे का ते लिहा. वयाची अटही काढा. अनुभव किमान ३ वर्षे असे लिहिलेले असताना ३० च्या आत म्हटल्याने कामाचे काहीच साधत नाही. मुलांसाठी काही वर्षे नोकरी सोडून पुन्हा कामाला लागू पाहणाऱ्या, उत्तम अकाउंट्स येणाऱ्या बायका मात्र तेवढ्याने बाहेर राहतात. पिंपरी-चिंचवडमध्ये अशा बायका पुष्कळ आहेत आणि छोट्या कारखान्यांत त्या वर्षानुवर्षे टिकून काम करतात.

'मालक सांगतील ती कामे' या ओळीबद्दल मालकांना विचारा की गेल्या सहा महिन्यांत अकाउंटंटला कोणती वेगळी कामे सांगितली. हजेरीवरून पगारपत्रक बनवणे, पीएफ आणि ईएसआयचे चलन १५ तारखेच्या आत भरणे, हे निघाले तर ती ठरलेली जबाबदारी आहे आणि नाव घेऊन लिहिली पाहिजे. पगाराचे काम दोन महिन्यांनी अंगावर आले तर माणूस नोकरी सोडतो.

'पगार योग्यतेनुसार' याऐवजी आकडा लिहा. मालक कचरतात, कारण सध्याच्या लोकांना कळेल असे वाटते. पण आकडा नसला की तुम्हालाच दिवसभर फोनवर तो सांगत बसावे लागते. हातात पडणारा पगार की कंपनीचा एकूण खर्च, तेही लिहा. यावरून बोलणी शेवटच्या क्षणी मोडतात.

मालकांची उत्तरे मी वर धरली तशीच आली असे समजून जाहिरात अशी होईल. पगार आणि वेळा उदाहरणादाखल आहेत.

> अकाउंटंट (सुट्या भागांचा कारखाना), भोसरी एमआयडीसी
>
> कारखान्याचे रोजचे हिशेब सांभाळून जीएसटी व टीडीएसचे आकडे वेळेवर सीएंकडे देणे हे या जागेचे मुख्य काम आहे. कामाचा अहवाल थेट मालकांना द्यायचा आहे.
>
> जबाबदाऱ्या
> - विक्री, खरेदी व खर्चाच्या नोंदी रोजच्या रोज टॅलीत करणे. बँकेचे खाते दर आठवड्याला जुळवणे.
> - विक्रीचे आकडे दरमहा ८ तारखेपर्यंत सीएंकडे देणे. १४ तारखेनंतर खरेदी जीएसटीआर-२बीशी जुळवून राहिलेल्या बिलांचा पाठपुरावा करणे.
> - टीडीएस कापणे व ७ तारखेपर्यंत भरणे.
> - जॉबवर्कला गेलेल्या मालाची चलने दर महिन्याला स्टोअरशी ताडून पाहणे.
> - ग्राहकांच्या पोर्टलवर बिले चढवणे. थकीत रकमांची यादी दर सोमवारी मालकांना देणे व ग्राहकांकडे पाठपुरावा करणे.
> - नेटबँकिंगवर पेमेंट तयार करणे (मंजुरी मालकांची).
> - पगारपत्रक तयार करणे; पीएफ व ईएसआय १५ तारखेपर्यंत भरणे.
>
> आवश्यक
> - बी.कॉम. व अकाउंट्सचा किमान ३ वर्षांचा अनुभव, किंवा इतर पदवी व ५ वर्षांचा अनुभव.
> - टॅलीवर स्वतंत्रपणे काम केलेले असणे.
> - जीएसटीआर-२बीची जुळवणी स्वतः केलेली असणे; टीडीएस कुठे व किती कापायचा याची माहिती.
> - एक्सेलमध्ये व्हीलुकअप व पिव्होट टेबल वापरता येणे.
> - इंग्रजीत साधा ईमेल लिहिता येणे.
>
> असल्यास प्राधान्य (नसले तरी अर्ज करावा)
> - जॉबवर्कच्या चलनांचा हिशेब सांभाळल्याचा अनुभव.
> - पगारपत्रक, पीएफ व ईएसआयचे काम केलेले असणे.
> - टीडीएसचे तिमाही विवरणपत्र भरलेले असणे.
>
> नोकरीच्या अटी
> - सोमवार ते शनिवार, सकाळी ९.३० ते ६. गुरुवारी सुट्टी नाही, रविवारी सुट्टी.
> - महिन्याच्या ७ ते २० तारखांत काम जास्त. काही दिवस उशीर होतो, तेव्हा घरी सोडण्याची सोय आहे.
> - आठवड्यातून एखाद्या वेळी बँकेत किंवा सीएंकडे जावे लागते, प्रवासखर्च मिळतो.
> - हातात दरमहा २८,००० ते ३५,००० रुपये, पीएफ वेगळा.

भोसरीच्या औद्योगिक भागात कारखान्यांच्या सुट्टीचे वार वेगवेगळे असतात, म्हणून सुट्टीचा वार मी मुद्दाम ठसवून लिहिला आहे. तुमचा जो असेल तो लिहा.

जाहिरात लिहून झाली की एक तपासणी करा. आवश्यक यादीतल्या प्रत्येक ओळीवरून बोट वर नेऊन ती कोणत्या जबाबदारीसाठी आहे ते दाखवता आले पाहिजे. दाखवता आले नाही तर ती ओळ सवयीने आली आहे, काढून टाका. मग उलटही बघा. एखाद्या जबाबदारीखाली कोणतीच पात्रता नसेल तर ते काम नव्या माणसाला आपणच शिकवणार आहोत. वरच्या मसुद्यात पगारपत्रकाचे काम तसे आहे, कारण ते प्राधान्यात आहे. मग पहिल्या महिन्यात ते कोण शिकवणार हे मालकांकडून आत्ताच ठरवून घ्या. शिकवणारे कोणीच नसेल तर ती ओळ आवश्यक यादीत न्यावी लागेल.

नोकरीच्या पोर्टलवर टाकताना तिथले वेगळे रकानेही याच यादीतून भरा. कौशल्यांच्या रकान्यात टॅली, जीएसटी, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन एवढेच शब्द पुरे. प्राधान्यातले शब्द तिथे भरले तर ते आवश्यक असल्यासारखेच धरले जाऊ शकतात. अनुभवाच्या रकान्यात वरचा आकडा भरावाच लागत असेल तर तिथे ३ ते ८ ठेवा. अर्जाबरोबर प्रश्न विचारण्याची सोय असेल तर ते फक्त आवश्यक यादीतून काढा, आणि "जीएसटी येते का?" असे न विचारता "२बीची जुळवणी कोणत्या नोकरीत, किती महिने केली?" असे विचारा.

पहिल्या आठवड्यात काय येते त्यावरून चूक कुठे आहे ते कळते. अर्ज भरपूर, पण टॅलीच न येणारे असतील, तर आवश्यक यादी खाली ढकलली गेली आहे आणि लोक नुसते पदाचे नाव वाचून अर्ज करत आहेत. तेव्हा सुरुवातीच्या दोन वाक्यांतच टॅली आणि २बीची जुळवणी आणा. चांगले उमेदवार फोनवर बोलून मग येत नसतील तर अडचण अटींत आहे, बहुधा पगारात किंवा सुट्टीत. आणि अर्जच येत नसतील तर आवश्यक यादी घेऊन पुन्हा मालकांसमोर बसा आणि "एवढे नाही, बाकी सगळे आहे" हा प्रश्न प्रत्येक ओळीला परत विचारा. रिकामी खुर्ची समोर असताना दुसऱ्या वेळी उत्तरे वेगळी येतात.